पोटदुखी आणि पाळीचा प्रश्न

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आशाताईंपुढे येणारी दुखणी दोन तऱ्हेची असतात. प्रेस मशीनमध्ये बोट सापडलेला, मोटारसायकलवरून पडलेला किंवा फाउंड्रीच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करून खोकणारा कामगार ही एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा भाड्याच्या खोलीत पोट धरून बसलेल्या बाईची. दोघांचाही पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ताई, फोटो काढावा लागेल का?

आशाताईंसमोर या विषयावर बोलायला दहा मिनिटंच मिळाली, तर सुरुवात हाड आणि हवा या दोन गोष्टींपासून करावी. एक्स-रेमध्ये हाड पांढरं आणि हवा काळी दिसते. म्हणून मोडलेल्या हाताला आणि छातीला एक्स-रे उपयोगी पडतो. सोनोग्राफीचा आवाज मात्र हाडाला आणि हवेला अडतो. पाणी आणि मऊ अवयव यांतून तो आरपार जातो. त्यामुळे पित्ताशय, मूत्रपिंड आणि गर्भाशय तिथे नीट दिसतात. पित्ताशयातले बहुतेक खडे एक्स-रेत दिसतच नाहीत.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर छातीचा एक्स-रे काढावा, पण थुंकीची तपासणीही हवीच. फोटोतला डाग क्षयाचा की धुळीचा, हे नुसत्या फोटोवरून नेहमी ठरत नाही. म्हणून रुग्ण काय काम करतो, हेही चिठ्ठीवर लिहावं.

आता पोट धरून बसलेली बाई घेऊ. समजा, ती चोवीस वर्षांची आहे. सकाळपासून ओटीपोटात एका बाजूला दुखतंय आणि थोडं रक्त जातंय. घरचे म्हणतात, ‘अपचन असेल, एक एक्स-रे काढून आणू.’ आशाताईंनी इथे आधी विचारायचं, पाळी कधी आली होती? उत्तर येतं, दीड महिना झाला. पिशवीतल्या निश्चय किटवर दोन रेघा उमटतात. गर्भ नळीत रुजल्याची शंका इथेच येते. एक्स-रे यात काही दाखवणार नाही, उलट गर्भाला विनाकारण किरण लागतील. सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं आणि पोटात रक्त साचलेलं दिसू शकतं.

पण ती फिकट पडली असेल, चक्कर येत असेल किंवा खांदा दुखत असेल, तर सोनोग्राफी सेंटरच्या रांगेत थांबू नये. १०८ ला फोन करून जिथे शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात न्यावं. तपासणी तिथेच होईल.

फार लवकर केलेल्या सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही, असंही होतं. मग डॉक्टर रक्ताची तपासणी दोन दिवसांनी पुन्हा करतात. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून ती घरी परतली असेल, तर तिसऱ्या दिवशी आशाताईंनी तिच्या खोलीवर जाऊन पोट कसं आहे, हे विचारायचं असतं.