संघाचं नवं नाव, आणि ते जाहीर करणारं भाषण

माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचं १९९७ मध्ये नामांतर झालं आणि ती वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झाली. राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून १८८७ मध्ये मिळालेलं नाव गेलं, जिजाऊंचं नाव आलं, पण ‘व्हीजेटीआय’ ही आद्याक्षरं जागची हलली नाहीत. नामांतराच्या आधी शिकलेले आणि नंतर शिकलेले आपली ओळख एकाच नावाने करून देतात. माजी विद्यार्थ्यांना इतकं सोपं नामांतर क्वचितच वाट्याला येतं.

माटुंग्यातच याचं दुसरं टोक आहे. मुंबई विद्यापीठाचा १९३३ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग ‘यूडीसीटी’ म्हणून नावारूपाला आला. २००२ मध्ये तो ‘यूआयसीटी’ झाला आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून ‘आयसीटी’. रघुनाथ माशेलकर शिकले ते यूडीसीटीत. आज तिथे प्रवेश घेणाऱ्या मुलाला ते नाव जुन्या माणसांच्या तोंडून कळतं. नागपूरच्या व्हीआरसीईचं २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं, तिथेही पदवीपत्रांवर दोन नावं आली. पुण्यात मात्र उलटं घडलं. २०२२ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा देताना लोकांच्या तोंडी बसलेलं ‘सीओईपी’ हेच कायद्यातल्या नावात घेतलं गेलं.

ही सगळी नामांतरं संस्थांची. ती सरकारने केली किंवा संस्थाचालकांनी. माजी विद्यार्थी संघाचं नाव त्यांच्यामागोमाग आपोआप बदलत नाही, कारण नोंदणीकृत संघ ही कागदोपत्री वेगळी संस्था असते. तिचं नोंदणी प्रमाणपत्र वेगळं, घटना वेगळी, बँक खातं आणि पॅनही वेगळं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करताना ‘नॅक’ नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाची विचारणा करते, त्यामुळे गावोगावच्या महाविद्यालयांनाही असे संघ हवे असतात. पुढे महाविद्यालयाला नवी शाखा मिळते, देणगीदाराचं नाव लागतं, स्वायत्तता येते, आणि संघ जुन्याच नावाने राहतो. मग एखाद्या स्नेहमेळाव्यात अध्यक्ष उठतात आणि नवं नाव जाहीर करतात. या भाषणात नेमकं काय असावं आणि काय असू नये, याचा विचार मात्र आयत्या वेळेपर्यंत कुणी केलेला नसतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय कला आणि वाणिज्य या दोन शाखांनी सुरू झालं. पहिल्या काही तुकड्यांनी मिळून ‘कला-वाणिज्य महाविद्यालय माजी विद्यार्थी मंडळ’ काढलं आणि रीतसर नोंदवलं. पुढे विज्ञान शाखा आली आणि वाढत वाढत सर्वांत मोठी झाली. महाविद्यालयाला एका देणगीदाराचं नाव मिळालं, फाटकावरची पाटी बदलली. मंडळाच्या नावात जे महाविद्यालय आहे, ते त्या नावाने आता कुठेच सापडत नाही.

अशा मेळाव्यात ‘काळानुरूप बदल’ किंवा ‘नवी ओळख’ एवढ्यावर भाषण आटोपलं, तर पहिल्या तुकडीतली माणसं दुखावून घरी जातात. त्यांनी पदरचे पैसे घालून काढलेलं मंडळ कुणीतरी पुसून टाकलं, अशी त्यांची भावना होते आणि त्यात गैर काहीच नाही. त्यांना पटेल असं कारण सभासदांच्या वहीत सापडतं. ते साधारण असं सांगता येईल:

‘आपल्या मंडळाच्या नावात कला आहे, वाणिज्य आहे, विज्ञान नाही. नाव ठेवलं तेव्हा विज्ञान शाखाच नव्हती, तेव्हा ठेवणाऱ्यांनी योग्य तेच ठेवलं. पण आज आपल्या वहीत नऊशे नावं आहेत आणि त्यात विज्ञानाची शंभरही नाहीत. आम्ही विज्ञानाच्या मुलांना फोन केले. बहुतेकांनी सांगितलं, हे मंडळ आमचं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. दुसरी अडचण पैशांची. लोक महाविद्यालयाच्या आजच्या नावाने धनादेश लिहितात, आपलं खातं जुन्या नावाने आहे, आणि धनादेश परत येतात. म्हणून हे नाव बदलायचं ठरवलं. स्थापनेचं वर्ष आणि संस्थापक सभासदांची नावं मात्र घटनेच्या पहिल्या पानावर जशी होती तशीच राहतील.’

या भाषणात जुन्या नावाला दोष नाही आणि कारणं तपासून पाहता येण्यासारखी आहेत. समोर बसलेला कुणीही वही मागवून शाखावार मोजणी करू शकतो. नाव बदलायची खरंच गरज आहे का, हेही त्या मोजणीतूनच कळतं. पदवीधर ज्या प्रमाणात बाहेर पडतात त्याच प्रमाणात सभासदही होत असतील, तर नावामुळे कुणी बाहेर राहिलेलं नाही. मग नाव बदलून सभासद वाढतील ही आशाही धरू नये.

नवं नाव काय असावं, यावर समित्यांचे महिने जातात. देणगीदाराचं नाव बदलू शकतं म्हणून गावाचं घ्यावं, असा एक विचार नेहमी पुढे येतो. पण २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर, तेव्हा गावाच्या नावाचीही हमी धरता येत नाही. थोर पुरुषाचं नाव सुचलं तर १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणारा केंद्रीय कायदा आधी पाहावा लागतो. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू ही नावं त्याच्या अनुसूचीत आहेत. शिवाय दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाशी गोंधळ होईल इतकं साम्य असेल तर निबंधक ते नाकारतात. आपल्या उदाहरणातल्या मंडळाला सगळ्यांत सोयीचं ठरेल ते महाविद्यालयाचं आजचं नाव, आणि पत्रशीर्षावर खाली बारीक अक्षरांत ‘पूर्वीचे’ म्हणून जुनं. ते वाचून जुन्या तुकडीच्या माणसाला आपण योग्य दारात आलो आहोत हे कळतं.

सगळ्यांत मोठी चूक होते ती पुढच्या टप्प्यावर. अध्यक्ष व्यासपीठावरून नाव वाचतात, सभागृहात टाळ्या पडतात आणि सगळ्यांना वाटतं, नाव बदललं. दुसऱ्या दिवशी फलक, पावतीपुस्तकं, शिक्के छापायला जातात. कायद्याच्या दृष्टीने तोवर काहीच बदललेलं नसतं.

१८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमातलं कलम १२ याची रीत सांगतं. मूळ कलम संस्थेचे उद्देश बदलण्याबाबतचं आहे, महाराष्ट्रात नाव बदलतानाही तीच वाट चालावी लागते. कार्यकारिणीने प्रस्ताव लेखी करून किमान दहा दिवस आधी सभासदांना पाठवायचा आणि विशेष सभा बोलवायची. त्या सभेत सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो. मत स्वतः हजर राहून देता येतं किंवा प्रॉक्सी देऊन. त्यानंतर एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घ्यायची आणि तिथे हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी तोच प्रस्ताव कायम करायचा. मंडळाच्या घटनेत याहून कडक अट असेल तर तीही पाळायची.

आपल्या मंडळाचा हिशेब मांडला तर अडचण कुठे आहे ते दिसतं. वहीत नऊशे नावं आहेत. त्यांपैकी पाचशे आजीव सभासद आणि चारशे वार्षिक. वार्षिकांपैकी तीनशे जणांनी कित्येक वर्षांत वर्गणी भरलेली नाही. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही आणि त्याला सभासदांत मोजायचंही नाही, असं कलम १५ सांगतं. म्हणजे मोजायचे सहाशे आणि पहिल्या सभेत मतं हवीत तीनशे साठ. मेळाव्याला दोनशे पन्नास माणसं आली आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तरी आकडा भरत नाही. त्यातही कुणी सहकुटुंब आलेलं असतं आणि कुणी सभासदच नसतं.

म्हणून मुरलेले चिटणीस मेळाव्याची तारीख धरून मागे मोजत येतात. मेळावा जानेवारीत असेल तर पहिली विशेष सभा नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला. तिच्याआधी थकबाकीदारांना पत्रं जातात आणि बाहेरगावच्या सभासदांकडून सह्या केलेल्या प्रॉक्सी मागवल्या जातात. खरी धावपळ इथे असते, आणि नुसती उत्साहाची माणसं असलेल्या समित्या इथेच कमी पडतात. दुसऱ्या सभेत हजर असलेल्यांचीच मतं धरायची असल्याने ती मेळाव्याच्या दिवशी सकाळी ठेवणं सगळ्यांत चांगलं. सभागृहात सभासद आणि पाहुणे वेगळे बसवायचे, सभासदांच्या सह्या घ्यायच्या, हात मोजायचे, इतिवृत्त तिथेच लिहायचं. मग संध्याकाळच्या भाषणात अध्यक्ष खरेपणाने म्हणू शकतात की सभासदांनी हे नाव मंजूर केलं आहे.

त्यानंतरही वाट पाहायची असते. दोन्ही सभांची इतिवृत्तं घेऊन प्रस्ताव निबंधकांकडे जातो आणि तिथे नोंद झाल्यावर नवं नाव खऱ्या अर्थाने लागू होतं. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेलं असतं, तेव्हा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, बोलीभाषेत चेंज रिपोर्ट, नव्वद दिवसांच्या आत द्यावा लागतो. ही मुदत चुकली की विलंबमाफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. बदल मान्य झाल्यावर परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर नवं नाव येतं आणि तो उतारा घेऊन बँकेत जायचं. पॅनचा क्रमांक तोच राहतो, कार्डावरचं नाव तेवढं बदलून घ्यायचं. काही समित्या हा व्याप टाळण्यासाठी नव्या नावाने सरळ नवी संस्था नोंदवतात आणि गोत्यात येतात. जुन्या संस्थेच्या ठेवी, शिष्यवृत्त्यांचे निधी आणि करसवलती नव्या संस्थेला लागू होत नाहीत. नाव बदललेली संस्था मात्र तीच असते. तिचे हक्क, देणी आणि चालू दावे नावामुळे तुटत नाहीत.

हे सगळं भाषणात सांगायची गरज नाही. पण शेवटची दोन-तीन वाक्यं याच माहितीची हवीत, कारण मेळाव्याहून घरी गेलेला माणूस आठवडाभरात देणगी पाठवतो. ‘नोंदणी पूर्ण व्हायला काही महिने लागतील. तोवर धनादेश जुन्याच नावाने लिहा, पावतीही जुन्याच नावाची मिळेल आणि ती पुढेही तितकीच ग्राह्य राहील. नवं नाव बँकेत लागलं की प्रत्येक सभासदाला पत्र येईल. ज्यांचा पत्ता बदलला आहे त्यांनी बाहेरच्या टेबलावरच्या वहीत तो आजच लिहून ठेवा.’