चकलीचा भाव आणि मधला आकडा

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू राहतात. दरवर्षी दिवाळीच्या आधी तीन आठवडे त्यांच्याकडे फराळाच्या ऑर्डरी असतात. भाजणीची चकली ही त्यांची खासियत. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारले, "भाऊ, तुम्ही एवढे आकडे घेऊन बसता, तर सांगा, चकलीचा भाव पाचशेवरून चारशे केला तर परवडेल का?" मी म्हटले, करून पाहा, मागणी किती वाढते त्यावरून हिशेब करू.

त्यांनी भाव उतरवला. आदल्या वर्षी ५०० रुपये भावाने ४० किलो चकली गेली होती. या वर्षी ४०० रुपये भावाने ४९ किलो गेली. मी कागदावर मांडले: भाव २० टक्क्यांनी उतरला, विक्री साडेबावीस टक्क्यांनी वाढली. साडेबावीसला वीसने भागले की १.१३ येतात. एकापेक्षा जास्त, म्हणजे मागणी जास्त लवचिक, म्हणजे भाव उतरवल्याने एकूण प्राप्ती वाढली. मी तसे सांगितलेही. काकूंनी शांतपणे वही पुढे केली. आदल्या वर्षी चकलीचे वीस हजार आले होते, या वर्षी एकोणीस हजार सहाशे. नऊ किलो जास्त तळून चारशे रुपये कमी.

नियम चुकीचा नव्हता, भागाकारही बरोबर होता. मग चूक कुठे होती? त्या शोधातूनच मी मध्यबिंदू पद्धतीपर्यंत पोहोचलो. पाठ्यपुस्तकात तिची ओळख 'अधिक अचूक पद्धत' एवढ्या दोन शब्दांत उरकलेली असते. ती अचूक का आहे, हे मला स्वतः आकडेमोड केल्यावरच कळले.

टक्का कशाचा?

मागणीची किंमत लवचिकता ही कल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात नीट मांडली. किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते, हे सांगणारी ती संख्या. मागणीतील टक्केवारीच्या बदलाला किमतीतील टक्केवारीच्या बदलाने भागायचे. किंमत आणि मागणी उलट दिशेने जातात म्हणून उत्तर उणे येते. आपण ते चिन्ह बाजूला ठेवून नुसता आकडा पाहू.

अडचण 'टक्का' या शब्दात आहे. पाचशेचे चारशे झाले तर घट २० टक्के. पण चारशेचे पाचशे झाले तर वाढ २५ टक्के. अंतर तेच शंभर रुपये, पाया मात्र बदलला. विक्रीचेही तसेच. ४० वरून ४९ ही साडेबावीस टक्के वाढ. ४९ वरून ४० ही सुमारे १८.४ टक्के घट. म्हणजे काकूंनी पुढच्या वर्षी भाव पुन्हा पाचशे केला असता आणि विक्री पुन्हा चाळीसवर आली असती, तर माझ्याच रीतीने लवचिकता १८.४ भागिले २५, म्हणजे ०.७४ निघाली असती. गिऱ्हाईक तेच, दोन भाव तेच, दोन विक्रीचे आकडे तेच. पण उतरताना मागणी जास्त लवचिक आणि चढताना कमी लवचिक. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

मध्यबिंदू पद्धत हा पाया दोघांच्या मधोमध ठेवते. या दिशेचे विवेचन १९३०च्या दशकात आर. जी. डी. अॅलन यांनी कंस लवचिकता या नावाने केले. कृती सोपी आहे. दोन्ही भावांची सरासरी ४५०. शंभराचा फरक हा ४५०च्या २२.२ टक्के. दोन्ही विक्रींची सरासरी ४४.५ किलो, नऊ किलोंचा फरक हा तिच्या २०.२ टक्के. आता भागाकार: २०.२ भागिले २२.२, उत्तर ०.९१. चढताना मोजा किंवा उतरताना, उत्तर तेच येते. आणि ते एकापेक्षा कमी आहे. काकूंची वही जे सांगत होती, तेच आता आकडाही सांगू लागला.

एकाची सीमारेषा

हा योगायोग नाही, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. मध्यबिंदू पद्धतीने लवचिकता एकापेक्षा जास्त आली, तर भाव उतरवल्यावर एकूण प्राप्ती वाढलेलीच असते. एकापेक्षा कमी आली, तर घटलेलीच असते. बरोबर एक आली, तर प्राप्ती जिथल्या तिथे. बदल लहान असो वा मोठा, यात अपवाद निघत नाही. ज्यांना बीजगणिताचा कंटाळा नाही त्यांनी पडताळून पाहावे. जुना भाव क१, नवा उतरवलेला भाव क२. जुनी विक्री न१, नवी न२. लवचिकता एकापेक्षा जास्त असणे म्हणजे

(न२ − न१) / (न२ + न१) > (क१ − क२) / (क१ + क२)

दोन्ही बाजूंनी तिरका गुणाकार करा. न२ × क१ आणि न१ × क२ ही पदे दोन्हीकडे येऊन कटतात आणि उरते एवढेच: क२ × न२ > क१ × न१. म्हणजे नवी प्राप्ती जुनीपेक्षा जास्त. सरासरी काढताना दोनने केलेला भागाकार वर-खाली उडून जातो, म्हणून तो इथे दिसत नाही.

जुन्या पायावरच्या टक्केवारीला ही हमी नाही. बदल दोन-तीन टक्क्यांचा असेल तर फरक जाणवत नाही. वीस-चाळीस टक्क्यांचा असेल तर ती सरळ उलटे उत्तर देऊ शकते. माझे तेच झाले होते.

आठाचे पाच, पाचाचे दहा

मोठ्या बदलाचे मुंबईकरांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे बेस्टचे भाडे. जुलै २०१९ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले. मे २०२५ मध्ये तेच ५ रुपयांवरून १० रुपये झाले. २०१९ मध्ये अंतराचे टप्पेही बदलले होते, म्हणून इथे फक्त किमान भाड्याचा विचार करू आणि प्रवासी गृहीत धरू. प्रत्यक्ष प्रवासीसंख्येचा हा दावा नाही.

समजा, आठ रुपयांच्या काळात शंभर प्रवासी होते. प्राप्ती ८०० रुपये. पाच रुपये भाड्यात तेवढेच ८०० यायला १६० प्रवासी हवेत. म्हणजे साठ टक्के वाढ झाली तरच जमा जिथल्या तिथे. मध्यबिंदू पद्धतीने या टोकाला लवचिकता बरोबर १ येते. आता समजा प्रवासी १४५ झाले. बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, सगळे म्हणतात योजना यशस्वी. जुन्या पायावर घट ३७.५ टक्के, वाढ ४५ टक्के, लवचिकता १.२, उत्पन्न वाढले असे कागद म्हणेल. तिजोरीत मात्र ७२५ रुपयेच. मध्यबिंदू पद्धतीने हीच लवचिकता सुमारे ०.८० येते आणि तूट आधीच दाखवते.

उलट दिशेने पाहा. पाचाचे दहा झाले, तेव्हा शंभरातले तीस प्रवासी रिक्षाकडे, मेट्रोकडे वळले किंवा चालू लागले असे समजा. उरलेल्या सत्तरांकडून ७०० रुपये येतात. आधी ५०० येत होते. मध्यबिंदू लवचिकता ०.५३. कमी लवचिक मागणीत भाववाढ जमा वाढवते, ती अशी. पण ज्यांनी बस सोडली ते तीस जण त्या जमेत दिसत नाहीत. भाडे दुप्पट करूनही जमा वाढली, याचा अर्थ लोकांना ते परवडले असा होत नाही. अनेकांना दुसरा मार्ग नव्हता, असाही होऊ शकतो. लवचिकता या दोहोंत भेद करत नाही.

आकडा कुठे थांबतो

काकूंच्या वहीकडे परत येऊ. प्राप्ती चारशे रुपयांनी घटली हे खरे, पण नुकसान त्याहून मोठे होते. भाजणी, तेल, गॅस आणि पिशव्या मिळून त्यांना किलोमागे सुमारे २२० रुपये खर्च येत होता. आदल्या वर्षी चाळीस किलोंवर हाती ११,२०० रुपये राहिले. या वर्षी ४९ किलोंवर ८,८२० रुपये. चारशेच्या भावात किलोमागे १८० रुपयेच सुटतात, म्हणून पूर्वीइतके हाती राहायला ६२ किलोंहून थोडी जास्त विक्री हवी होती. तेवढी झाली असती तर लवचिकता जवळजवळ २ आली असती. एकची सीमारेषा ही प्राप्तीची आहे, नफ्याची नाही. बनवायला खर्च येतो अशा वस्तूचा भाव उतरवणाऱ्याला एकच्या बऱ्याच पुढे जावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ही नऊ किलोंची वाढ भावामुळेच झाली कशावरून? त्या वर्षी शेजारी नवी इमारत भरली होती. काकूंनी चिवड्याचा भाव बदलला नव्हता, तरी चिवडाही दहा टक्के जास्त गेला होता. मग चकलीही जुन्या भावात ४० ऐवजी ४४ किलो गेली असती, असे धरणे रास्त आहे. खरी तुलना ४४ आणि ४९ यांची. तिची लवचिकता ०.४८ येते, आणि गमावलेली प्राप्ती चारशेची नव्हे, २,४०० रुपयांची ठरते. स्वस्त चकलीसाठी आलेल्यांनी चिवडाही घेतला असेल, म्हणून खरे उत्तर ०.४८ आणि ०.९१ यांच्या दरम्यान कुठेतरी असणार. पण दोन्ही टोके एकच्या खालीच आहेत, आणि निर्णयासाठी तेवढे पुरते.

तिसरे, हा आकडा चारशे ते पाचशे या पट्ट्याची सरासरी आहे. तीनशे रुपयांना काय होईल, हे तो सांगत नाही.

पुढच्या वर्षी काकूंनी भाव परत पाचशे केला. मी विचारले, गिऱ्हाईक तुटले का? त्या म्हणाल्या, "दोन-चार घरं तुटली. पण रात्री अकराला गॅस बंद होतो आता." ही जमा मी कोणत्या रकान्यात मांडावी, ते मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.