आधारवर ‘गावकर’, पासपोर्टवर ‘गांवकर’

जोयडा तालुक्यात कागदपत्रं कन्नडमध्ये होतात, घरात मराठी-कोंकणी चालते आणि इंग्रजी स्पेलिंग ज्याने फॉर्म भरला त्याच्या कानावर ठरतं. त्यामुळे एकाच माणसाचं आडनाव आधारवर GAVKAR आणि शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या पासपोर्टवर GAONKAR असू शकतं.

रामनगरच्या एका तिकीट दुकानात असंच प्रकरण समोर आलं. गोव्याहून आखातात कामाला निघालेल्या तरुणाचं तिकीट आधारच्या फोटोवरून काढलं होतं. दुकानदार म्हणाला, “आधार ठेव बाजूला, पासपोर्टचं फोटोवालं पान दाखव.”

त्या पानाच्या तळाशी मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात. पहिली ओळ अशी सुरू होते:

```
P<INDGAONKAR<<
```

IND नंतर आडनाव, दोन < खुणांनंतर स्वतःचं नाव. तिकीट जुळवायचं ते याच अक्षरांशी. तिकिटावर नाव आणि वडिलांचं नाव जोडून आलं किंवा शेवटी MR चिकटलं, तर ती चूक नव्हे. विमान कंपन्यांची नोंदच तशी होते. इथे मात्र V च्या जागी ON हवं होतं.

तिकीट एजंटाकडून काढलेलं असलं की कंपनी बहुधा प्रवाशाला त्याच्याकडेच परत पाठवते. म्हणून दुकानदाराने पासपोर्टची प्रत आणि पीएनआर पाठवून दुरुस्ती मागितली. माणूस तोच आणि फरक दोन-तीन अक्षरांचा असेल, तर बऱ्याच कंपन्या बदल करून देतात. पूर्ण नावच वेगळं असेल, तर सहसा तिकीट रद्द करून नवं काढावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवरून थेट काढलेल्या तिकिटात २४ तासांच्या आत चूक कळवली, तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे त्याच प्रवाशाच्या नावाच्या दुरुस्तीला जादा पैसे लागत नाहीत. त्यानंतर किंवा एजंटमार्फत खर्च येऊ शकतो.

“झालं” एवढ्या निरोपावर थांबू नये. आरक्षणात नाव बदललं, पण तिकीट जुन्याच नावाने राहिलं, असं घडतं. नवं ई-तिकीट मागवून त्यावरचं नाव वाचावं. मग कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि नवं आडनाव टाकून पाहावं. आरक्षण नव्या स्पेलिंगने उघडलं, तर नोंद बदलली आहे. पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं असेल, तर तिच्याकडेही बदल पोचल्याची खात्री करावी. व्हिसावरचं नावही याच वेळी ताडून पाहावं. हे सगळं होईपर्यंत वेब चेक-इन करू नये; चेक-इननंतर नाव बदलणं अवघड होतं.

आपल्या भागातून परदेशी निघणाऱ्यांना एवढंच सांगणं: तिकिटासाठी आधार नव्हे, पासपोर्टचं पान पाठवा आणि पैसे देण्याआधी नाव एकेक अक्षर करून वाचून घ्या.