निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करायला सांगताना

आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोची १८ बाय १२ इंची प्रिंट हवी आहे. पण लॅबने पाठवलेली फाइल १८०० बाय १२०० पिक्सेलची. इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर तिच्यातून ६ बाय ४ इंचांचीच चांगली प्रिंट निघते. वर आकाशात पांढरे ठिपके. ती निगेटिव्हवरची धूळ. धूळ प्रकाश अडवते आणि पॉझिटिव्हमध्ये पांढरी उमटते. ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल, तर मात्र दोष बहुधा स्कॅनरचा.

अशा वेळी ‘जास्त क्वालिटी द्या’ एवढं लिहून भागत नाही. ई-मेल असा असावा:

‘नमस्कार. सोबतच्या रंगीत ३५ मिमी रोलमधील फ्रेम १२ आणि १४ कृपया ४००० डीपीआयला पुन्हा स्कॅन कराव्यात. आधी ब्लोअरने धूळ काढावी, मग इन्फ्रारेड क्लीनिंग वापरावे. शार्पनिंग नको. १६ बिट टिफ फाइल हवी. खर्च आधी कळवावा.’

फ्रेमचा नंबर फिल्मच्या कडेला छापलेला असतो. ४००० डीपीआयला सुमारे ५६०० बाय ३७०० पिक्सेल मिळतात, म्हणजे आपली प्रिंट बसते.

फिल्म रंगीत की कृष्णधवल, हे लिहायलाच हवं. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड प्रकाश आरपार जातो आणि धूळ तेवढी वेगळी दिसते. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधली चांदी तो अडवते. मशीन चित्रालाच धूळ समजून पुसू लागतं. तिथे ‘ठिपके हाताने काढावेत’ असं स्पष्ट लिहा, आणि त्याचे दर वेगळे विचारा.