आधी कोणाच्या शेतात बांध?

पाणलोटाच्या कामाला पैसे येतात ते कधीच सगळ्या शिवाराला पुरतील इतके नसतात. शंभर शेतांपैकी वीस-पंचवीस शेतांत बांधबंदिस्ती होणार, बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहायची. मग ती वीस-पंचवीस कोणती? रस्त्यालगतची, मोठ्या खातेदारांची, की ग्रामसभेत मोठ्याने बोलणाऱ्यांची? मृदसंधारणाच्या अभ्यासकांकडे याचे साधे उत्तर आहे. शेतातून दरवर्षी किती माती जाते याचा अंदाज काढायचा आणि त्या जमिनीला किती माती गेलेली परवडते त्या आकड्याने त्याला भागायचे. भागाकार जितका मोठा, तितका त्या शेताचा नंबर आधी.

पहिला आकडा काढण्याची रीत अमेरिकेतली. वॉल्टर विशमायर आणि ड्वाइट स्मिथ यांनी धुपीच्या प्रयोगांतल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून एक समीकरण बसवले आणि १९६५ साली ते पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध झाले. पावसाचा मारा, माती सुटण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि मशागतीची पद्धत यांचे आकडे एकमेकांशी गुणायचे. उत्तर येते ते हेक्टरी, वर्षाकाठी किती टन माती सुटते याचे.

दुसरा आकडा म्हणजे सहनीय धूप. इतकी माती गेली तरी जमिनीची पिकवण्याची ताकद दीर्घकाळ टिकेल, अशी वरची मर्यादा. आपल्याकडे बरीच वर्षे सरसकट ११.२ टन धरले जात. हा अवघड आकडा अमेरिकेतल्या एकरी ५ टनांच्या मर्यादेचे हेक्टरमधले रूप आहे, म्हणजे तिथल्या खोल, चांगल्या जमिनीची मोजपट्टी. दख्खनच्या माळावर, वीतभर मातीखाली मुरूम लागतो तिथे ती लावणे म्हणजे शुद्ध अन्याय. पुढे भारतीय शास्त्रज्ञांनी मातीची खोली आणि गुणधर्म पाहून निरनिराळ्या जमिनींसाठी हेक्टरी साधारण २.५ ते १२.५ टनांपर्यंतच्या मर्यादा सुचवल्या. माझ्या मते सगळ्या हिशोबाचा कणा हाच, कारण क्रम बदलतो तो इथे.

सोलापूरच्या बाजूची, वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पावसाची दोन शेते डोळ्यांसमोर आणू. शेते कल्पित आहेत, पण आकडे त्या भागाला शोभतील असे घेतले आहेत. पहिले ओढ्याकडचे. काळी भारी जमीन, चार फूट खोल, उतार २ टक्के, लांबी १०० मीटर. रब्बी ज्वारीसाठी पावसाळाभर मोकळे ठेवलेले, त्यामुळे पावसाचा प्रत्येक थेंब उघड्या मातीवर पडणार. समीकरण सांगते, हेक्टरी सुमारे १५ टन. दुसरे माळाकडचे. भरड, हलकी जमीन, जेमतेम २२ सेंटिमीटर, खाली मुरूम. उतार ४ टक्के, लांबी ६० मीटर, खरिपात बाजरी आणि तूर. पावसाळ्यात पीक उभे असल्याने इथली धूप सुमारे साडेदहा टन.

नुसते टन पाहिले तर काळ्या शेताचा नंबर आधी लागतो. पण खोल जमिनीला ११.२ टन परवडतात असे धरले तर तिथले गुणोत्तर जेमतेम १.३ येते. हलक्या जमिनीला परवडतात २.५ टन. तिचे गुणोत्तर ४.२. कमी माती जाते तेच शेत तिप्पट निकडीचे.

हे कागदी चमत्कार वाटू नयेत म्हणून दुसऱ्या बाजूने पाहू. हेक्टरभर जमिनीवरचा एक मिलिमीटर थर म्हणजे सुमारे १३ टन माती. या वेगाने २५ वर्षांत काळ्या शेतातून तीन सेंटिमीटर थर जाईल, म्हणजे चार फुटांतला चाळिसावा हिस्सा. माळाच्या शेतातून दोनच सेंटिमीटर जातील, पण २२ पैकी दोन, म्हणजे जवळपास अकरावा हिस्सा. त्यातही आधी वाहून जातो तो बारीक, सुपीक भाग. खडा मागे राहतो.

याच गुणोत्तरातून काम किती करायचे तेही कळते. काळ्या शेतात उताराला आडवी मशागत आणि आडवी पेरणी केली तर धूप नऊ टनांच्या आसपास येते, मर्यादेच्या आत. तिथे जेसीबी लावायची गरजच नाही. माळाच्या शेतात आडव्या पेरणीने साडेदहाचे सव्वापाच होतात, तरीही दुप्पट. मधोमध एक बांध घालून उताराची लांबी निम्मी केली तर चारवर येतात. बाजरीच्या ओळींत मटकीसारखे जमीन झाकणारे पीक घेतले की अडीचच्या आसपास टेकतात. नुसत्या बांधाने भागत नाही, हे ताळेबंद मांडल्याशिवाय दिसत नाही. अंदाजपत्रकात मटकीचे बियाणे सहसा नसते, बांध मात्र हमखास असतो.

आता या हिशोबाच्या मर्यादा. समीकरण चादरी धूप आणि बारीक ओहळांची धूप मोजते, घळीची नाही. शेतात घळ पडली असेल तर गुणोत्तर काहीही येवो, तिचा बंदोबस्त आधी. ते अनेक वर्षांची सरासरी देते. परतीच्या पावसाच्या एका रात्रीत काय वाहून गेले हे सांगत नाही. गावाची सरासरी काढणे तर सर्वांत फसवे. सपाट शेतांचे कमी आकडे मिसळले की माळाची शेते कागदावर सुखरूप होतात. उपग्रहाच्या उंचीनकाशावरून काढलेल्या उतारात छोटे बांध दिसत नाहीत, म्हणून आधीच बांधलेले शेतही लाल रंगात येऊ शकते.

तेव्हा नकाशातली वरची नावे घेऊन पावसाळ्यानंतर शेतात जावे. पहारीने चार-पाच ठिकाणी खोली मोजावी. नांगराच्या तासाला मुरूम वर येतो का, पिकाच्या मुळ्या उघड्या पडल्या आहेत का, खालच्या बांधाला गाळ साचला आहे का, ते पाहावे. नकाशा एक सांगतो आणि पहार दुसरे, तर पहारीवर विश्वास ठेवावा. माती जवळपास संपलेलीच असेल, तर गुणोत्तर कितीही मोठे आले तरी तिथे पिकासाठी बांध घालण्यात अर्थ नाही. ती जमीन गवताला किंवा झाडांना द्यावी.

हेतूही स्पष्ट हवा. खालच्या तलावात गाळ येऊ नये हा हेतू असेल तर गुणोत्तरापेक्षा टन महत्त्वाचे, आणि मग काळे शेत पुढे येते. शेतकऱ्याची जमीन टिकवायची असेल तर गुणोत्तर. दोन्ही एकाच यादीत मिसळले की कुणालाच न्याय मिळत नाही. शिवाय माथ्यावरून पाणी धावत येत असेल, तर खालच्या शेताचा बांध वरचे काम झाल्याशिवाय टिकत नाही, म्हणून गुणोत्तराच्या यादीला शेवटचा हात ‘माथा ते पायथा’ या क्रमाने फिरवावाच लागतो.

तुमच्या गावाचा पाणलोट आराखडा मंजुरीला येईल तेव्हा ग्रामसभेत एवढेच विचारा: प्रत्येक गटनंबरासमोर अंदाजे धूप, सहनीय मर्यादा आणि मातीची मोजलेली खोली लिहिली आहे का? नसेल, तर आराखडा परत पाठवायला सांगा.