कामाचा कागद, सोप्या भाषेत – भाग ७ : आगाऊ कराची सूचना

डिसेंबर उजाडला की जिंतूरच्या मोंढ्यात सोयाबीन आणि कापसाच्या हिशेबाची घाई असते. नेमक्या त्याच दिवसांत कर सल्लागाराच्या ऑफिसमधून व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर एक सूचना येते. तिचा मजकूर बहुतेक ठिकाणी असाच असतो:

‘सर्व करदात्यांना कळविण्यात येते की, आयकर अधिनियम १९६१ च्या कलम २०८ व २११ अन्वये अग्रिम कराचा तिसरा हप्ता (७५%) देय झाला असून, विहित मुदतीत भरणा न केल्यास कलम २३४बी व २३४सी अन्वये व्याज आकारले जाईल. तरी सर्वांनी आवश्यक कागदपत्रांसह कार्यालयाशी त्वरित संपर्क साधावा.’

यात चूक एकही नाही. पण आडत दुकानाच्या गादीवर बसलेल्या माणसाला किती भरायचे, कधीपर्यंत भरायचे आणि काय पाठवायचे, या तिन्ही गोष्टी यातून कळत नाहीत. ‘विहित मुदत’ म्हणजे कोणती तारीख, हे सल्लागाराला पाठ असते, ग्राहकाला नसते. म्हणून तो फोन करतो, नाहीतर सूचना तशीच राहू देतो. आज हीच सूचना नव्याने लिहू.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘७५%’ या आकड्याने होतो. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो आगाऊ भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. हे टक्के त्या तारखेपर्यंतच्या एकूण भरण्याचे आहेत. सूचनेत नुसते ७५ टक्के लिहिले की कुणी मागचे भरलेले विसरून पाऊण कर पुन्हा भरायला निघतो. कुणी ७५ मधून ४५ वजा करून ३० टक्केच भरतो, मग सप्टेंबरमध्ये त्याचे खरोखर ४५ टक्के भरून झालेले असोत वा नसोत. यावर उपाय एकच. टक्केवारी सल्लागाराने आपल्या वहीत ठेवावी आणि ग्राहकाला रुपये सांगावेत.

इथे बरेच सल्लागार कचरतात. अंदाज चुकला तर ग्राहक आपल्याला धरेल, ही त्यांची भीती असते. ती मला समजते, पण पटत नाही. आगाऊ कर हा अंदाजावरच भरायचा असतो आणि प्रत्येक हप्त्याला तो सुधारता येतो. अंदाज कोणत्या तारखेपर्यंतच्या हिशेबावर काढला, एवढे लिहिले की सल्लागाराची बाजू स्वच्छ राहते. फक्त अंदाज काढताना मोंढ्याचा हंगाम लक्षात घ्यावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबरची आडत दुप्पट करून वर्षाचा आकडा काढला तर तो हमखास कमी भरतो, कारण खरी आवक दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. त्यापेक्षा गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेर पूर्ण वर्षाच्या आडतीचा किती हिस्सा आला होता ते पाहून यंदाचा आकडा काढावा.

आता नमुन्यासाठी एक आडत दुकानदार धरू. त्याचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न १८ लाख होईल असा अंदाज आहे आणि तो नव्या कर पद्धतीत आहे. जून आणि सप्टेंबर मिळून त्याने ४५,००० रुपये भरले आहेत. त्याला जाणारी सूचना अशी असावी:

‘नमस्कार शेठ,
सोमवार, १५ डिसेंबर २०२५ पर्यंत तुम्हाला ६७,५०० रुपये आगाऊ कर भरायचा आहे.
आकडा असा आला: ऑक्टोबरअखेरच्या हिशेबावरून यंदाचे उत्पन्न १८ लाख धरले. त्यावर सेससह कर १,६६,४००. टीडीएस १६,४०० वजा जाता १,५०,०००. त्यापैकी १,१२,५०० रुपये १५ डिसेंबरपर्यंत जमा हवेत. तुमचे ४५,००० आधीच जमा आहेत.
एक दिवस जरी उशीर झाला तरी या हप्त्यावर तीन महिन्यांचे, म्हणजे सुमारे २,०२५ रुपये व्याज लागेल.
खाली विचारलेल्यापैकी काही असेल तर ८ डिसेंबरपर्यंत पाठवा. काहीच नसेल तर काही पाठवू नका, वरची रक्कम भरा.’

‘आवश्यक कागदपत्रे’ हे शब्द कापले की त्यांच्या जागी काय मागायचे, याचा विचार करावा लागतो. अंदाज ज्याने हलेल तेवढेच मागावे: नोव्हेंबरची आडतीची बेरीज, एप्रिलनंतर नवी ठेव ठेवली किंवा मोडली असल्यास बँकेचे व्याजपत्र, आपल्या ऑफिसबाहेर परस्पर भरलेल्या कराचे चलन. जमीन किंवा प्लॉट विकला असेल तर खरेदीखत हवेच, आणि जमीन शेतीची असली तरी हवे. जिंतूर नगर परिषदेच्या हद्दीत आणि हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आतल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. लांबच्या खेड्यातल्या शेतजमिनीवर तो लागत नाही.

एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही आणि तोच सगळ्यात महाग पडतो: शेतीचे उत्पन्न. आपल्याकडच्या बहुतेक व्यापाऱ्यांच्या घरी शेती असते. ते उत्पन्न करमुक्त आहे, मग सांगायचे कशाला, असे त्यांना वाटते. पण बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लागायचा हे ठरवताना ते धरले जाते. आपल्या आडत्याला खर्च वजा जाता शेतीतून तीन लाख मिळत असतील, तर १८ आणि ३ अशा २१ लाखांवर कर काढतात. त्यातून चार लाखांची करमुक्त मर्यादा आणि शेतीचे तीन लाख मिळून सात लाखांवरचा कर वजा करतात. हिशेब केल्यावर सेससह त्याचा वर्षाचा कर ५२,००० रुपयांनी वाढतो आणि डिसेंबरचा हप्ता ६७,५०० वरून १,०६,५०० वर जातो. म्हणून सूचनेत सरळ विचारावे: ‘यंदा शेतीतून खर्च जाऊन किती उरतील? बाजार समितीच्या पावत्या आणि बी-खताच्या बिलांचे फोटो पाठवा.’

ग्राहक स्वतः भरणार असेल तर स्क्रीनवर काय निवडायचे तेही एका ओळीत द्यावे: आयकर खात्याच्या पोर्टलवर `e-Pay Tax`, वर्ष `2026-27`, प्रकार `Advance Tax (100)`. चालू वर्ष २०२५-२६ आहे म्हणून लोक तेच निवडतात आणि पैसे आदल्या वर्षाच्या खात्यात जमा होतात. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होईल, त्यात आकारणी वर्ष जाऊन ‘कर वर्ष’ येणार आहे. तेव्हा ही ओळ पुढच्या जूनमध्ये जशीच्या तशी पाठवू नये.

ही सूचना सगळ्या ग्राहकांच्या यादीला एकदम पाठवायची नाही. आडत्याच्या शेजारचा किराणा दुकानदार कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवत असेल, तर त्याला डिसेंबरचा हप्ताच नसतो, त्याचा सगळा आगाऊ कर १५ मार्चला असतो. आडत्याला ही सवलत घेता येत नाही, कारण कमिशनच्या धंद्याला ते कलम लागू नाही. दोघांनाही एकच सूचना गेली की किराणावाला विनाकारण धावपळ करतो, आणि शेजाऱ्याचे ऐकून आडत्या मार्चपर्यंत थांबतो. म्हणून किराणावाल्याचा निरोप वेगळा: ‘डिसेंबरमध्ये तुम्हाला काही भरायचे नाही. तुमची तारीख १५ मार्च २०२६. त्या दिवशी रविवार आहे, म्हणून शुक्रवारी १३ मार्चलाच भरा. रक्कम फेब्रुवारीअखेर कळवतो. त्यासाठी जानेवारीपर्यंतची विक्री, रोख किती आणि बँकेतून किती, अशी वेगळी करून पाठवा.’