मधली ओळ पुढे नेते

फ्लॉरेन्समधून 1302 साली हद्दपार झालेल्या दान्तेने आपल्या आयुष्याची शेवटची दीडएक दशकं एकाच काव्यासाठी दिली. आज आपण त्याला ‘डिव्हाइन कॉमेडी’ म्हणून ओळखतो. नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग असा हा प्रवास आहे. त्याचे 100 सर्ग आणि 14,233 ओळी आहेत. एवढं मोठं काव्य लिहिणाऱ्याला एक प्रश्न सोडवावाच लागतो. वाचक पुढची ओळ का वाचेल? कथेची उत्सुकता काही अंतर नेते, पण दर चार ओळींनी कथा नवं वळण घेऊ शकत नाही. मधल्या हजारो ओळींत, जिथे नुसतं चालणं, बोलणं, पाहणं आहे, तिथे वाचकाला पुढे सरकवणारं दुसरं काहीतरी लागतं. दान्तेने ते काम यमकाकडे सोपवलं. त्यासाठी त्याने यमकांची जी रचना घडवली, तिला इटालियनमध्ये ‘तेर्झा रिमा’ म्हणतात.

रचना सांगायला सोपी आहे. तीन-तीन ओळींची कडवी असतात. पहिल्या कडव्यात पहिली आणि तिसरी ओळ एकमेकींशी जुळतात, मधली ओळ एकटी राहते. दुसऱ्या कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ त्या एकट्या राहिलेल्या ओळीशी जुळतात. पण या दुसऱ्या कडव्याच्या मध्येही एक नवी, एकटी ओळ येते. तिला जुळणाऱ्या ओळी तिसऱ्या कडव्यात भेटतात आणि तिथेही पुन्हा मधली ओळ नवी असते. साखळीची प्रत्येक कडी आधीच्या कडीत अडकलेली असते, तसंच हे आहे.

हे कानाला कसं लागतं ते कळावं म्हणून मराठीत एक छोटा नमुना रचला आहे. प्रत्येक ओळ 16 मात्रांची आहे.

नभ हे अवघे दाटुन आले,
कौलांवरती पडले पाणी,
अंगण सारे ओले झाले.

पागोळ्यांची सुरात गाणी
ऐकत बसली आजी दारी;
आठवते तिज जुनी कहाणी:

आईसोबत पहिली वारी.

हे मोठ्याने वाचून पाहा. ‘झाले’पाशी पहिलं कडवं अर्थाने पूर्ण होतं. पाऊस आला, अंगण भिजलं, वाक्य संपलं. पण कान थांबायला तयार नसतो, कारण ‘पाणी’ला अजून जोडीदार मिळालेला नाही. तो ‘गाणी’त मिळतो. तेवढ्यात मध्ये ‘दारी’ येऊन बसते आणि तीही एकटी असते. ‘कहाणी’ म्हणताच ‘पाणी’चा हिशेब पुरा होतो, पण ‘दारी’चा बाकी राहतो. तो फेडायला शेवटची एकटी ओळ येते आणि ‘वारी’ या शब्दावर सगळं एकदम थांबतं.

तेर्झा रिमाची सगळी ताकद या एका विसंगतीत आहे. अर्थ थांबतो तिथे नाद थांबत नाही. दान्तेची वाक्यं बहुतेकदा तीन ओळींच्या कडव्याशी संपतात. तो वाचकाला दम घेऊ देतो. पण त्या विसाव्याच्या जागीसुद्धा एक यमक उघडं राहिलेलं असतं. त्यामुळे सर्गाच्या मध्ये कुठेही थांबलात तरी नेहमी दोन नाद हवेत असतात. एक मिटत असतो आणि एक उघडत असतो.

आपल्या ओवीशी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने जुळतात आणि चौथा, आखूड चरण मोकळा राहतो. तो आखूड चरण ओवीला हलकेच जमिनीवर टेकवतो. पुढची ओवी नवं यमक घेऊन सुरू होते. म्हणजे नादाच्या दृष्टीने प्रत्येक ओवी स्वतःत पूर्ण आहे. ती एकटी उचलून निरूपणाला घेता येते, पाठ करता येते. ज्ञानदेवांना एकेक दृष्टांत वाचकाच्या हाती नीट ठेवायचा होता, त्याला हा छंद फार शोभतो. दान्तेला मात्र चालणारा माणूस दाखवायचा होता. त्याच्या कडव्यातून एकच कडवं उचललं तर मधल्या ओळीचा धागा लोंबकळत राहतो.

यमकाची जागा बदलते, ही या रचनेतली आणखी खोल गोष्ट. एखादा नाद पहिल्यांदा येतो तेव्हा तो मध्ये असतो, दोन परक्या ओळींच्या बेचक्यात. पुढच्या कडव्यात तोच नाद कडेला जातो आणि नव्या मधल्या ओळीला चौकट होतो. आधी जे ओझरतं वाटलं होतं, ते आता भोवताल बनतं. दान्तेच्या पहिल्याच सर्गाच्या सुरुवातीला पहिल्या कडव्याची मधली ओळ ‘ओस्कुरा’, म्हणजे अंधारी, या शब्दावर संपते. पुढच्या कडव्याच्या कडेच्या ओळी ‘दुरा’, म्हणजे कठीण, आणि ‘पाउरा’, म्हणजे भीती, या शब्दांवर संपतात. अंधारातून कठीणपणा आणि कठीणपणातून भीती, असा मनाचा प्रवास नुसत्या यमकाच्या शब्दांतूनच उलगडतो.

सर्ग सुरू कसा होतो आणि संपतो कसा, हेही याच नियमाने ठरतं. पहिल्या सर्गात 136 ओळी आहेत, म्हणजे तीन-तीन ओळींची 45 कडवी आणि शेवटी एक सुटी ओळ. त्यांत 46 यमकं आहेत. मधली 44 यमकं तीन-तीनदा येतात, पहिलं आणि शेवटचं मात्र दोनदाच. पहिल्याच्या मागे काही नसतं आणि शेवटच्याच्या पुढे काही नसतं. प्रत्येक सर्गाची ओळसंख्या अशीच असते, तिनाच्या पटीत एक मिळवून. सर्वांत छोटे सर्ग 115 ओळींचे आहेत आणि सर्वांत मोठा 160 ओळींचा. लांबी बदलते, कुलूप तेच राहतं.

कुलूप हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. दान्तेच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. काव्य पसरलं ते नकलनविसांच्या हातून. नकलनवीस डुलकीत तीन ओळी गाळू शकतो, भक्तीच्या भरात तीन ओळी घालूही शकतो. वरच्या नमुन्यातलं मधलं कडवं काढून पाहा. मागे ‘पाणी’ एकटी उरते, पुढे ‘वारी’ एकटी उरते, आणि कुठे काय गेलं ते लगेच कळतं. उपरं कडवं घुसवायचं तर त्याला मागचं यमक उचलावं लागेल आणि पुढचंही पुरवावं लागेल. मग त्या यमकाच्या ओळी तीनऐवजी जास्त होतील आणि चोरी उघडी पडेल.

ओवीला असं कुलूप नाही. म्हणून एकनाथांना शके 1506, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांतून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. यात नवी ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असं त्यांनी शेवटी बजावलं. जे काम तेर्झा रिमात रचनाच करते, ते इथे एका संताला तळमळीने करावं लागलं. अर्थात दान्तेच्या कुलपालाही मर्यादा आहे. ते ओळींची संख्या आणि यमकाचा शब्द राखतं, ओळीच्या पोटातला शब्द राखत नाही. म्हणूनच त्याच्याही काव्यात पाठभेद आहेत आणि अभ्यासक त्यांवर आजही वाद घालतात.

ही रचना बिघडते कशी? पहिला धोका नादांच्या सारखेपणाचा. शेजारच्या दोन यमकांत फरक स्पष्ट हवा, नाहीतर उघडं कोणतं आणि मिटलेलं कोणतं हे कानाला कळत नाही. मराठीत हा धोका विशेष आहे. ‘आला, गेला, झाला’ आणि त्यांच्या शेजारी ‘आले, गेले, झाले’ अशी क्रियापदं जोडत गेलं तर साखळी ढिली पडते. शिवाय अशी यमकं व्याकरण फुकट देतं. वरच्या नमुन्यात ‘आले-झाले’ हे फुकटचं यमक आहे, तर ‘दारी-वारी’ हे कमावलेलं आहे, कारण दारात बसलेल्या म्हातारीला तो शब्द घराबाहेर नेतो. दुसरा धोका भरतीच्या शब्दांचा. तिसरं यमक सापडत नाही म्हणून निरर्थक विशेषण चिकटवलं जातं. ते ओळखायला यमकाचा शब्द बोटाने झाकावा आणि उरलेलं वाक्य वाचावं. काहीच उणं वाटलं नाही, तर तो शब्द केवळ नादासाठी आला होता.

भाषेचाही इथे मोठा वाटा आहे. इटालियनमधले बहुतेक शब्द स्वरांत संपतात, त्यामुळे प्रत्येक नादाला तीन शब्द मिळवणं अवघड असलं तरी शक्य असतं. इंग्रजीत शब्दांचे शेवट विखुरलेले आहेत. शेलीने 1819 साली ‘ओड टू द वेस्ट विंड’मध्ये ही रचना वापरली, पण दर 14 ओळींनी दोन जुळ्या ओळी घालून साखळी बंद केली आणि पुन्हा नव्याने सुरू केली. दान्तेच्या अनुवादकांपुढे तर हा प्रश्न हजारो ओळींचा होता. लाँगफेलोने तीन ओळींची बांधणी ठेवून यमक सोडून दिलं. जॉन चार्डीने पहिली आणि तिसरी ओळ जुळवली, मधली मोकळी ठेवली. डोरोथी सेयर्स आणि लॉरेन्स बिनियन यांनी पूर्ण साखळी पेलण्याचा प्रयत्न केला. चार्डीचा अनुवाद ओघवता आहे, पण त्यातलं प्रत्येक कडवं स्वतःपुरतं मिटतं. मधली ओळ मोकळी सोडली की कडवी सुबक राहतात, त्यांना पुढे ढकलणारं बळ मात्र जातं.

अशा साखळीला स्वतःचा शेवट नसतो. शेवटच्या कडव्यातही मधली ओळ उघडीच राहते, म्हणून कुठे थांबायचं हे यमक नाही, कवीच ठरवतो. दान्तेने ते फार विचाराने ठरवलं. प्रत्येक सर्ग एका सुट्या ओळीवर थांबतो आणि काव्याच्या तिन्ही भागांतली शेवटची सुटी ओळ एकाच शब्दावर संपते: ‘स्तेल्ले’, म्हणजे तारे. हा प्रवास अनुवादातून वाचणाऱ्याने एकदा तरी मूळ इटालियनचा एखादा सर्ग ध्वनिमुद्रणावर ऐकावा. अर्थ कळला नाही तरी चालेल. मधल्या ओळीच्या शेवटावर कान ठेवला की ती पुढची दोन यमकं मागताना ऐकू येते.